फिनॉलच्या रिंगला एवढी घाई का? बेस, ब्रोमीन वॉटर आणि नायट्रिक आम्ल या क्रमाने समजून घेऊ

बहुतेक पुस्तकांत फिनॉलच्या अभिक्रिया वेगवेगळ्या कप्प्यांत मांडलेल्या असतात. आम्लधर्म एका पानावर, ब्रोमीन दुसऱ्यावर, नायट्रिक आम्ल तिसऱ्यावर. नवा विद्यार्थी त्या पाठ करतो आणि परीक्षा झाली की विसरतो. माझ्या मते त्या तिन्ही एकाच धाग्यात ओवलेल्या आहेत, आणि तो धागा म्हणजे ऑक्सिजनवरचा हायड्रोजन. तो कधी सुटतो आणि सुटला की रिंगचं काय होतं, एवढं कळलं की ब्रोमीन तीनदा का चढतं आणि विरल नायट्रिक आम्ल एकावरच का थांबतं, हे पाठ न करता सांगता येतं. म्हणून मी इथे क्रम बदलतो. आधी बेस, मग ब्रोमीन वॉटर आणि शेवटी नायट्रिक आम्ल.

हात लावण्याआधी

फिनॉल सुमारे ४१ °से ला वितळतं, त्यामुळे बाटलीत ते स्फटिकांच्या गोळ्यासारखं असतं. जुन्या बाटलीतलं गुलाबी झालेलं दिसेल. हवेने त्याचं थोडं ऑक्सिडीकरण झाल्याने तो रंग येतो, आणि आपल्या परीक्षानळीतल्या प्रयोगांना तेवढ्याने बाधा येत नाही. जपायचं आहे ते त्वचेला. फिनॉल त्वचेवर पडलं की ती जागा पांढरी पडते आणि बधिर होते, त्यामुळे भाजल्याचं लगेच कळतही नाही. शिवाय ते त्वचेतून शरीरात शिरतं. सांडलं तर ओल्या फडक्याने पुसत बसू नका, कारण थोड्या पाण्याने ते फक्त पसरतं. कपडा लगेच काढा, भरपूर वाहत्या पाण्याखाली जागा धरा आणि डॉक्टरांकडे जा. ब्रोमीन वॉटर धूरकपाटातच उघडा. डोळ्यांवर चष्मा आणि हातात नायट्राइलचे मोजे असल्याशिवाय पुढचं काहीही करू नका. ब्रोमीन सांडल्यास ओतायला सोडियम थायोसल्फेटचं द्रावण जवळ ठेवा.

पहिली पायरी: बेसने प्रोटॉन काढा

एका परीक्षानळीत साधारण १ ग्रॅम फिनॉल घ्या आणि २ मिली पाणी घालून हलवा. फिनॉल पूर्ण विरघळणार नाही. २० °से ला १०० मिली पाण्यात ते सुमारे ८ ग्रॅमच मावतं, म्हणजे २ मिलीत जेमतेम ०.१६ ग्रॅम. गंमत अशी की उरलेलं फिनॉल स्फटिक म्हणून राहत नाही. थोडं पाणी शोषून ते तेलकट द्रव होतं आणि हलवल्यावर सगळं दुधाळ दिसतं.

आता १०% सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण थेंबाथेंबाने घाला. ४ मिलीच्या आसपास नळी एकदम स्वच्छ होते. हिशेब सोपा आहे. १ ग्रॅम फिनॉल म्हणजे १०.६ मिलिमोल, आणि ४ मिली द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइड साधारण ११ मिलिमोल असतं. एकास एक प्रमाण जुळलं आणि सगळं फिनॉल सोडियम फिनॉक्साइड होऊन पाण्यात उतरलं.

C6H5OH + NaOH → C6H5ONa + H2O

हे उलट फिरवूनही पाहा. बाहेरून थंड पाण्यात धरलेल्या नळीत ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल सावकाश घाला. २ मिलीच्या पुढे गेलात की दुधाळपणा परत येतो, कारण फिनॉक्साइडला प्रोटॉन मिळून फिनॉल पुन्हा सुटतं. इथे नवखे हमखास अडकतात. हाच प्रयोग कोणी पातळ द्रावणात करतं, समजा १ ग्रॅमऐवजी ०.२ ग्रॅम फिनॉल आणि १० मिली पाणी घेऊन, आणि आम्ल घातल्यावर काहीच दिसत नाही. अभिक्रिया झालेली असते, पण सुटलेलं फिनॉल तेवढ्या पाण्यात सहज विरघळून जातं. ‘दिसलं नाही’ आणि ‘झालं नाही’ यांतला फरक फिनॉलच्या बाबतीत सारखा समोर येतो, तो इथेच लक्षात घ्या.

आता एका वेगळ्या नळीत फिनॉल आणि सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण एकत्र करा. बुडबुडे येत नाहीत. फिनॉलचा पीकेए १० च्या आसपास आहे आणि कार्बोनिक आम्लाचा ६.४ च्या आसपास. म्हणजे फिनॉल कार्बोनिक आम्लाहून दुबळं, ते त्याला हुसकावू शकत नाही. त्याच न्यायाने फिनॉक्साइडच्या द्रावणात कार्बन डायऑक्साइड सोडला तर फिनॉल परत बाहेर पडतं.

मात्र साध्या अल्कोहोलशी तुलना केली तर हेच फिनॉल बरंच आम्लधर्मी ठरतं. इथेनॉलचा पीकेए १६ च्या जवळ आहे. सहा अंकांचा हा फरक म्हणजे दहा लाख पटींचा फरक, आणि तो कुठून येतो याचंच उत्तर आपल्याला रिंगपर्यंत नेतं.

रिंगमध्ये काय चाललंय

ऑक्सिजनवर दोन एकाकी इलेक्ट्रॉन जोड्या असतात. त्यांतली एक रिंगच्या पाय इलेक्ट्रॉनांच्या ढगाला समांतर उभी राहते आणि त्यात मिसळते. कागदावर हे दाखवताना आपण बाण काढतो: ऑक्सिजनकडून कार्बनकडे दुहेरी बंध, आणि रिंगमधली एक जोडी पुढच्या कार्बनवर. असे बाण पुढे ढकलत गेलं तर ऋण प्रभार फक्त तीन जागी येऊन बसतो, दोन ऑर्थो कार्बनांवर आणि एका पॅरा कार्बनवर. मेटावर तो कधीच येत नाही. स्वतः कागदावर काढून पाहा, कारण हे वाचून पटत नाही, हाताने बाण ओढल्यावरच पटतं.

ही मिसळण कागदापुरती नाही, मोजतासुद्धा येते. मिथेनॉलमध्ये कार्बन आणि ऑक्सिजनमधलं अंतर १४२ पिकोमीटर आहे, फिनॉलमध्ये १३६. बंध आखडला आहे, म्हणजे त्यात थोडा दुहेरी बंधाचा अंश आला आहे.

इथे एक रास्त शंका येते. ऑक्सिजन तर इलेक्ट्रॉन ओढणारा अणू आहे, मग त्याने रिंग गरीब व्हायला हवी. तो ओढतो हे खरंच आहे, पण ते ओढणं एकेरी बंधातून होतं आणि अंतराबरोबर लवकर विरतं. देणं मात्र पाय ढगातून होतं आणि ऑर्थो-पॅरापर्यंत थेट पोचतं. ऑक्सिजनची एकाकी जोडी ज्या कक्षकात असते त्याचा आकार कार्बनच्या कक्षकाशी चांगला जुळतो, म्हणून देणं ओढण्यावर मात करतं. क्लोरीनमध्येही एकाकी जोड्या आहेत, पण तिथे ही जुळणी कच्ची आहे, आणि क्लोरोबेंझीन बेंझीनपेक्षा संथ असतं ते म्हणूनच.

पण फक्त सुरुवातीचा प्रभार पाहून थांबू नका. खरा निकाल मधल्या टप्प्यावर लागतो. इलेक्ट्रॉनांच्या शोधात आलेला कण (समजा ब्रोमीनचा) कार्बनला चिकटला की रिंगचा गोल तुटतो आणि तिच्यावर धन प्रभार येतो. कण ऑर्थो किंवा पॅरा जागी चिकटला असेल तर तो धन प्रभार फिरत फिरत ओएच असलेल्या कार्बनवर येतो, आणि तिथे ऑक्सिजन आपली जोडी देऊन तो झाकतो. त्यातून असं एक रूप तयार होतं, ज्यात प्रत्येक कार्बन आणि ऑक्सिजनचं अष्टक पूर्ण असतं. मेटा जागी चिकटल्यास धन प्रभार ओएचच्या कार्बनवर कधी येतच नाही आणि ऑक्सिजनला मदत करायची संधी मिळत नाही. ऑर्थो-पॅरा हे ‘आवडतं ठिकाण’ आहे असं म्हणण्यापेक्षा, तिथे चढाई करायचा डोंगर बुटका आहे असं म्हणणं मला जास्त बरोबर वाटतं.

आता प्रोटॉन काढून टाका. फिनॉक्साइडच्या ऑक्सिजनवर पूर्ण ऋण प्रभार आहे. फिनॉलमधला ऑक्सिजन जोडी देतो तेव्हा स्वतःवर धन प्रभार ओढवून घेतो, म्हणून तो हात राखून देतो. फिनॉक्साइडचा ऑक्सिजन देतो तेव्हा त्याचा प्रभार फक्त शून्य होतो, आणि मधल्या टप्प्यात जे तयार होतं ते प्रभारहीन असतं. डोंगर आणखी खाली येतो, आणि वेग आणखी हजारो पटींनी वाढतो. उलट बाजूने पाहिलं तर याच कारणाने फिनॉल अल्कोहोलपेक्षा आम्लधर्मी आहे. प्रोटॉन गेल्यावर उरलेला प्रभार रिंग वाटून घेते. म्हणजे आम्लधर्म आणि रिंगची घाई ही एकाच गोष्टीची दोन दर्शनं आहेत.

दुसरी पायरी: ब्रोमीन वॉटर

१% फिनॉलचं द्रावण १ मिली घ्या. त्यात फिनॉल आहे १० मिलिग्रॅम. ब्रोमीन वॉटर ड्रॉपरने घालत जा आणि प्रत्येक थेंबानंतर नळी हलवा. तपकिरी रंग पडताक्षणी नाहीसा होतो आणि पांढरा अवक्षेप दिसतो. बेंझीनबरोबर हेच केलं तर रंग उडत नाही. ब्रोमीन त्याच्या थरात फक्त विरघळून बसतं, आणि अभिक्रिया करायची तर लोह ब्रोमाइडसारखा उत्प्रेरक लागतो.

C6H5OH + 3Br2 → C6H2Br3OH + 3HBr

सुरुवातीचे काही थेंब फसवे असतात. अवक्षेप दिसतो आणि हलवल्यावर विरघळून जातो, कारण अजून भरपूर फिनॉल शिल्लक आहे. मी पहिल्यांदा ही चाचणी केली तेव्हा चार थेंब घातले, नळी स्वच्छ दिसली आणि वहीत ‘अवक्षेप नाही’ असं लिहून मोकळा झालो. तेव्हा हिशेब करायला हवा होता. १० मिलिग्रॅम फिनॉल म्हणजे ०.१०६ मिलिमोल. त्याला तिप्पट, म्हणजे ०.३२ मिलिमोल ब्रोमीन लागतं, वजनात ५१ मिलिग्रॅम. संपृक्त ब्रोमीन वॉटरमध्ये १०० मिलीला साधारण ३.५ ग्रॅम ब्रोमीन असतं, म्हणून जवळपास दीड मिली, अर्थात तीस थेंब घालावे लागतात. बाटली जुनी असेल तर त्याहून जास्त, कारण ब्रोमीन उडून जातं. खूण सोपी आहे: फिकट पिवळा-तपकिरी रंग हलवल्यावरही टिकून राहीपर्यंत घालत राहायचं. तोवर अवक्षेप कायमचा झालेला असतो. १० मिलिग्रॅम फिनॉलपासून ३५ मिलिग्रॅम २,४,६-ट्रायब्रोमोफिनॉल मिळायला हवं, म्हणून एवढ्याशा द्रावणातही इतका दाट पांढरेपणा दिसतो. गाळून, धुऊन, वाळवल्यावर ते ९५ °से च्या आसपास वितळतं.

आता मुख्य प्रश्न. ब्रोमीन हा इलेक्ट्रॉन ओढणारा गट आहे. एक ब्रोमीन चढलं की रिंग थोडी थंडावायला हवी, दोन चढली की आणखी. मग अभिक्रिया पहिल्यावर का थांबत नाही?

याचं उत्तर पाण्यात आहे. पाणी प्रोटॉन घेऊ शकतं, म्हणून पाण्यात फिनॉलबरोबर थोडं फिनॉक्साइड नेहमी असतं. पीएच ७ ला हजारात सुमारे एक रेणू. तो एक रेणू इतक्या वेगाने ब्रोमीन घेतो की बराचसा कारभार तोच सांभाळतो, आणि तो खर्च झाला की समतोलातून दुसरा तयार होतो. आता ४-ब्रोमोफिनॉलचा विचार करा. ब्रोमीनने रिंग थोडी थंडावली खरी, पण त्याच ओढीने प्रोटॉनही सैल झाला. त्याचा पीकेए सुमारे ९.४ आहे, म्हणजे त्याच पीएचला अडीचशे रेणूंमागे एक फिनॉक्साइड. २,४-डायब्रोमोफिनॉलचा पीकेए ७.८ च्या जवळ येतो आणि सातांत एक रेणू फिनॉक्साइड होतो. रिंगचं जे नुकसान ब्रोमीन करतं, त्यातलं बरंचसं प्रोटॉन सैल करून ते भरूनही देतं. म्हणून ऑर्थो आणि पॅरा या तिन्ही जागा भरेपर्यंत थांबा लागत नाही.

प्रत्यक्ष नळीत तयार होणाऱ्या हायड्रोजन ब्रोमाइडमुळे द्रावण आम्लधर्मी होत जातं आणि फिनॉक्साइडचं प्रमाण वरच्या आकड्यांपेक्षा बरंच कमी असतं. जास्त आम्ल असेल तर अभिक्रिया मंदावते, आणि तेव्हा फिनॉलचा अखंड रेणूही वाटा उचलतो. पण एकामागून एक ब्रोमीन चढताना फिनॉक्साइडचा हिस्सा वाढत जातो, हे नातं तसंच राहतं. याच आम्लामुळे ट्रायब्रोमोफिनॉल प्रोटॉन धरून राहतं आणि न विरघळता खाली बसतं. अवक्षेपावर सोडियम हायड्रॉक्साइड घाला, तो विरघळेल. आम्ल घाला, परत येईल. पहिल्या पायरीतलाच खेळ इथे पुन्हा दिसतो.

हे स्पष्टीकरण खरं की नाही, हे पाणी काढून टाकून तपासता येतं. कार्बन डायसल्फाइड किंवा क्लोरोफॉर्ममध्ये, कमी तापमानाला, मोजून एक मोल ब्रोमीन दिलं की मुख्यतः ४-ब्रोमोफिनॉल मिळतं. तिथे प्रोटॉन घ्यायला पाणी नाही, फिनॉक्साइड तयार होत नाही, आणि ब्रोमीनचा रेणूही कमी ध्रुवित होतो. दुसरा पुरावा ॲनिसोलचा. त्यात ओएचच्या जागी ओमिथिल गट आहे, म्हणजे एकाकी जोडी आहे पण सोडायला प्रोटॉन नाही. ॲसिटिक आम्लात ॲनिसोल उत्प्रेरकाशिवाय ब्रोमीन घेतं, पण मुख्यतः पॅरा जागी आणि एकदाच. रिंगची घाई एकाकी जोडीने येते, तीनदा धावायचा दम प्रोटॉन सोडल्याने येतो.

तीनच कशावरून? एक टायट्रेशन

तीन या आकड्यावर कोपेशार यांच्या नावाने ओळखली जाणारी फिनॉल मोजण्याची पद्धतच उभी आहे. ब्रोमीन वॉटरची तीव्रता रोज बदलते, म्हणून इथे ते बाटलीतून घेत नाहीत. पोटॅशियम ब्रोमेट आणि ब्रोमाइडचं मोजून बनवलेलं द्रावण घेतात आणि त्यात आम्ल घालून ब्रोमीन जागच्या जागी तयार करतात.

KBrO3 + 5KBr + 6HCl → 3Br2 + 6KCl + 3H2O

समजा झाकणाच्या फ्लास्कमध्ये फिनॉलचा नमुना आहे आणि आपण १.२५ मिलिमोल ब्रोमीन तयार होईल एवढं द्रावण घातलं. आम्ल घातल्याबरोबर झाकण लावायचं आणि पंधरा ते तीस मिनिटं अधूनमधून हलवत ठेवायचं. मग पोटॅशियम आयोडाइड घालायचं. उरलेलं ब्रोमीन आयोडीन सोडतं, आणि ते आयोडीन ०.१ मोलर थायोसल्फेटने मोजायचं. शेवटाकडे स्टार्च घालून निळा रंग जाईपर्यंत. फिनॉल न घालता केलेल्या कोऱ्या प्रयोगात २५.० मिली थायोसल्फेट लागलं आणि नमुन्यात १०.६ मिली, असं धरू. फरक १४.४ मिली, म्हणजे १.४४ मिलिमोल थायोसल्फेट. दोन थायोसल्फेटमागे एक ब्रोमीन, म्हणून ०.७२ मिलिमोल ब्रोमीन फिनॉलने घेतलं. तिनाने भागलं की ०.२४ मिलिमोल, आणि वजनात २२.६ मिलिग्रॅम फिनॉल.

चूक कुठे होते? झाकण सैल राहिलं की ब्रोमीन उडतं, ते फिनॉलनेच घेतलं असं आपण धरतो आणि उत्तर जास्त येतं. पुरेसा वेळ दिला नाही तर तिसरं ब्रोमीन चढायचं राहतं आणि उत्तर कमी येतं. ब्रोमीन जास्त असल्याने काही ट्रायब्रोमोफिनॉल चौथं ब्रोमीन घेऊन पिवळसर टेट्राब्रोमो संयुग होतं, पण त्याची भीती नको. आयोडाइड ते चौथं ब्रोमीन परत काढून घेतं आणि हिशेब तीनवरच येतो. चाचणीच्या नळीत अवक्षेप पांढऱ्याऐवजी पिवळट दिसला तर कारण हेच, आणि सोडियम बायसल्फाइटचे काही थेंब तो पांढरा करतात.

या चाचणीला मर्यादाही आहेत. ॲनिलीनही ब्रोमीन वॉटरने असाच पांढरा अवक्षेप देतं, कारण नायट्रोजनची एकाकी जोडी तेच काम करते. सॅलिसिलिक आम्ल तर जास्त ब्रोमीनबरोबर कार्बन डायऑक्साइड गमावून तेच ट्रायब्रोमोफिनॉल देतं. आणि बेस असलेल्या द्रावणात ब्रोमीनचा रंग बेसच खातो, म्हणून फिनॉक्साइडच्या नळीत रंग उडाला यावरून काहीच सिद्ध होत नाही. नमुना फिनॉल आहे का हे ठरवताना मी ब्रोमीन वॉटरसोबत उदासीन फेरिक क्लोराइडचा जांभळा रंग आणि बायकार्बोनेटची नळी, दोन्ही पाहतो. फिनॉल जांभळा रंग देतं पण बायकार्बोनेटने फसफसत नाही. सॅलिसिलिक आम्ल दोन्ही करतं.

तिसरी पायरी: नायट्रिक आम्ल

बेंझीनवर नायट्रो गट चढवायला संहत नायट्रिक आणि संहत सल्फ्युरिक आम्लांचं मिश्रण गरम करावं लागतं. फिनॉलला साध्या तापमानाला विरल, सुमारे २०% नायट्रिक आम्ल पुरतं. एवढ्या पातळ आम्लात नायट्रोनियम आयन नगण्य असतो. तिथे काम करतं ते आम्लात थोड्या प्रमाणात असणारं नायट्रस आम्ल. त्यातून आधी दुबळा नायट्रोसो गट चढतो आणि मग त्याचं ऑक्सिडीकरण होऊन नायट्रो होतो. नायट्रोसोचा कण इतका दुबळा आहे की बेंझीनला तो हातही लावू शकत नाही. फिनॉलची रिंग त्याला उघडून देते, यावरून तिची श्रीमंती कळते.

हा प्रयोग देखरेखीखालीच करतात. आम्ल आधी थंड करतात, फिनॉलमध्ये थोडं पाणी घालून ते द्रव करतात आणि थेंबाथेंबाने, सतत ढवळत, आम्लात सोडतात. तापमान २० °से च्या वर जाऊ देत नाहीत. सगळं लक्ष थर्मामीटरवर हवं. तापमान चढलं की नायट्रिक आम्ल नायट्रो गट देण्याऐवजी रिंगचं ऑक्सिडीकरण करत सुटतं, आणि फ्लास्कमध्ये काळंतपकिरी डांबर साचतं. नीट केलं तरी थोडं डांबर होतंच. फिनॉलच्या रिंगमध्ये इलेक्ट्रॉन भरपूर असल्याची ही दुसरी बाजू आहे: इलेक्ट्रॉन मागणाऱ्याला ती जशी चटकन देते, तशी ऑक्सिडीकरण करणाऱ्यालाही देते.

तेल पाण्याने धुतल्यावर वाफेने ऊर्ध्वपातन करतात. ऑर्थो-नायट्रोफिनॉल वाफेबरोबर निघून येतं आणि कंडेन्सरमध्ये पिवळेजर्द स्फटिक धरतं. ते साचून नळी बंद पडू शकते, तेव्हा थंड पाण्याचा प्रवाह क्षणभर थांबवून स्फटिक वितळू द्यायचे. पॅरा मागे फ्लास्कमध्ये राहतं. ऑर्थोमध्ये ओएचचा हायड्रोजन शेजारच्याच नायट्रो गटाला धरतो, बंध रेणूच्या आतच मिटतो, म्हणून रेणू एकमेकांपासून मोकळे आणि वाफेवर स्वार व्हायला तयार. पॅरामध्ये दोन गट रिंगच्या दोन टोकांना आहेत, त्यामुळे प्रत्येक रेणू शेजाऱ्याला धरतो आणि सगळे साखळीत अडकतात. वितळणबिंदूही तेच सांगतात: ऑर्थो ४५ °से, पॅरा ११४ °से.

आणि इथे अभिक्रिया एकाच नायट्रो गटावर का थांबते? नायट्रो गट ब्रोमीनपेक्षा कितीतरी जोरात इलेक्ट्रॉन ओढतो, त्यामुळे रिंग एका फटक्यात थंडावते. ब्रोमीनच्या वेळी प्रोटॉन सैल होऊन नुकसान भरून निघत होतं. नायट्रोफिनॉलचा पीकेए ७.२ पर्यंत उतरतो, म्हणजे प्रोटॉन इथेही सैल होतोच, पण आपण नायट्रिक आम्लात उभे आहोत. तिथे प्रोटॉन सोडायला वाव जवळपास नाही, फिनॉक्साइड नाही, आणि दुबळ्या नायट्रोसो कणाला थंड रिंग पेलवत नाही.

तिन्ही जागा नायट्रोने भरल्या की पिक्रिक आम्ल, म्हणजे २,४,६-ट्रायनायट्रोफिनॉल होतं. संहत नायट्रिक आम्ल थेट फिनॉलवर टाकलं तर डांबरच जास्त होतं, म्हणून आधी सल्फोनिक गट चढवून रिंग थंड करतात आणि नंतर त्या गटांच्या जागी नायट्रो येतात, एवढं समीकरण समजण्यापुरतं पुरे. हे संयुग बनवून पाहायचं नाही. कोरडं पिक्रिक आम्ल स्फोटक आहे आणि धातूंबरोबर होणारे त्याचे क्षार आणखी संवेदनशील. प्रयोगशाळेत जुनी बाटली सापडली आणि आतलं कोरडं दिसलं, तर झाकण फिरवू नका, बाटली हलवूही नका, जबाबदार माणसाला बोलवा.

त्याऐवजी पॅरा-नायट्रोफिनॉलचे चार कण पाण्यात विरघळवा. आम्लाच्या एका थेंबाने द्रावण रंगहीन होतं, बेसच्या थेंबाने पिवळं. पीएच ५.६ ते ७.६ च्या दरम्यान तो रंग पालटतो, म्हणून ते सूचक म्हणूनही वापरलं जातं. पिवळा रंग प्रोटॉन गेलेल्या रूपाचा आहे: ऑक्सिजनवरचा ऋण प्रभार रिंगमधून थेट समोरच्या नायट्रो गटापर्यंत पसरतो आणि रेणू दृश्य प्रकाश शोषू लागतो. साध्या फिनॉलच्या नळीत हा पसारा आपल्याला कागदावरच्या बाणांनी मानावा लागला होता. इथे तो डोळ्यांना दिसतो, आणि थेंबागणिक आम्ल-बेस आलटून पालटून घालत राहिलात तर हवा तितक्या वेळा.